करंट येण्याआधीची फेरी

जूचंद्रच्या खाडीकाठी ज्यांची भातशेती होती, त्या घरातला माणूस भरतीला गृहीत धरत नाही. धर्मा भोईरच्या बापाने आयुष्यभर एक काम नेमाने केलं. भरतीची वेळ जवळ आली, की तो खांद्यावर फावडं टाकून बांधावरून चालत जायचा आणि उघाडीची फळी नीट बसली आहे का ते हाताने चाचपून पाहायचा. उघाडी म्हणजे बांधातलं दार. ओहोटीला त्यातून शेतातलं पाणी खाडीत उतरतं. भरतीला तेच दार उघडं राहिलं, तर खारं पाणी आत शिरतं आणि मग दोन-तीन पावसाळे त्या जमिनीत भाताचं रोप धरत नाही.

लहानपणी धर्मा कुरकुरायचा, "बाबा, कालच तर बगितली फली."

बाप म्हणायचा, "काल कालची भरती होती."

धर्मा शेतात राहिला नाही. गावात वीज आली तेव्हा तो बारा वर्षांचा होता, आणि पहिल्यांदा पेटलेल्या दिव्याकडे बाकीची पोरं पाहत असताना हा दिव्यापासून मागे मागे जाणाऱ्या तारेकडे पाहत होता. कुठल्या शाळेत तो हे काम शिकला नाही. गोखिवऱ्याच्या एका गाळ्यात मोटारी दुरुस्त व्हायच्या, तिथे झाडू मारता मारता शिकला. डाव्या हाताची करंगळी त्याच गाळ्यात भाजून आखडली. पुढे गोखिवऱ्यात भाताच्या खाचरांत इमारती उभ्या राहिल्या, मुंबईला नोकरीला जाणारी माणसं राहायला आली, आणि धर्मा त्यांचा वायरमन झाला.

मी सांगतो ती हकिकत दोन हजार सहाच्या डिसेंबरातली. तेव्हा त्याची साठी जवळ आली होती. 'पारिजात' नावाच्या चार मजली, सोळा घरांच्या इमारतीच्या फाटकाशी त्याची पत्र्याची टपरी होती. तिथे बसून तो इस्त्र्या, मिक्सर, पंखे दुरुस्त करायचा. इमारतीतला फ्यूज उडाला, पंप अडला, की धर्मालाच हाक. टपरीसमोरच, जिन्याखाली, मीटरची खोली. तिला लोखंडी जाळीचं दार. जाळीतून सोळा मीटर दिसायचे, आणि प्रत्येक मीटरच्या काचेआड एक पातळ चकती फिरताना दिसायची.

ती वर्षं ज्यांनी काढली आहेत त्यांना भारनियमन समजावून सांगायला नको. त्या हिवाळ्यात आमच्याकडे वीज सकाळी साडेसहाला जायची आणि नऊला यायची. नेमक्या आंघोळीच्या वेळी. लोक सहाला उठून बादलीत रॉड टाकायचे. पाणी कोमट होतंय तोवर साडेसहा वाजायचे आणि घर अंधारात बुडायचं. मग तेच पाणी घेऊन अंधारात आंघोळ, अंधारात डबा, आणि कुलूप लावून माणसं धावत बाहेर. रॉडचं बटण बंद केलं की नाही, हे वीज नसताना कळायचं कसं? ना दिवा, ना आवाज. नऊ वाजता भरतीसारखी वीज यायची. कुलूपबंद घरात, रिकाम्या बादलीत, तो रॉड तापायला लागायचा.

पाण्यात बुडालेला रॉड आपली उष्णता पाण्याला देतो, म्हणून तो शहाणा असतो. पाण्याबाहेर त्याला उष्णता द्यायला कोणी नसतं. दोन-तीन मिनिटांत तो निखाऱ्यासारखा लाल होतो. मग त्याला लागून जे असेल ते. प्लॅस्टिकची बादली असेल तर ती आधी वाकते, मग वितळते, मग पेटते.

धर्माने हे डोळ्यांनी पाहिलं होतं. आणि गीझरचंही. मागल्या साली शेजारच्या इमारतीतलं एक कुटुंब गीझर चालू ठेवून गावी गेलं. पाणी तापलं की गीझरमधला थर्मोस्टॅट वीज तोडतो, असं सगळे धरून चालतात. त्या गीझरचा थर्मोस्टॅट तापून चिकटून बसला होता, तो तोडणार काय! त्यात गीझरची पिन पाच अँपियरच्या छोट्या सॉकेटमध्ये ओढूनताणून बसवलेली. भिंत जळाली, माळा जळाला. ते काळं घर नीट करायला धर्माच गेला होता. फ्यूज त्याने उघडून पाहिला, तर आत फ्यूजच्या बारीक तारेऐवजी कोणीतरी जाड तांब्याची तार पिळून बसवलेली. सारखा फ्यूज उडतो म्हणून! धर्मा ती तार हातात घेऊन किती तरी वेळ बसून राहिला.

त्या दिवसापासून त्याने फेरी सुरू केली. बापासारखी.

पावणेनऊला तो जिना चढायचा आणि कुठल्या दारांना कुलूप आहे ते बघून यायचा. मग मीटरच्या खोलीत जाऊन त्या घरांच्या फ्यूजच्या चिनीमातीच्या मुठी काढून ठेवायचा. नऊला वीज आली की एकेक मूठ परत बसवायची आणि चकती बघायची. नुसता फ्रिज असेल तर चकती संथ, जत्रेतल्या म्हाताऱ्यासारखी. रॉड किंवा गीझर चालू राहिला असेल तर ती अशी पळायची, की चकतीवरचा काळा ठिपका डोळ्यांत ठरायचा नाही. पळाली, की धर्मा मूठ परत काढायचा आणि दाराला चिठ्ठी लावून यायचा. 'बटन चालू राहिले आहे. आल्यावर बंद करून मला सांगने.'

आल्बिना फाटकाशी भाजी घेऊन बसायची. सांडोरची केळी, वालाच्या शेंगा, मुळा. ती त्याला चिडवायची, "धर्मा, तुला बायको घरात ठेवत नाय का रे? सकाळ झाली की लोकांच्या कुलपांना हात लावत फिरतोस!"

"हात कुठं लावतो बाय? नजर लावतो."

"नजर लावलेली जास्त वाईट!"

त्या हिवाळ्यात पहिल्या वीस दिवसांत चार घरांत चकती पळाली. चार घरं वाचली, पण कोणाला वाटलंच नाही की वाचली. न लागलेली आग दिसते कुठे? दिसायची ती दाराला लावलेली चिठ्ठी. येणारे-जाणारे ती वाचायचे, आणि त्या घरातल्या माणसांना तिची लाज वाटायची.

आणि मग धर्माचं चुकलं. त्याला तो शब्द लावायला आवडायचं नाही, पण चुकलं. तिसऱ्या मजल्यावर ३०२ मध्ये शांताराम कदम राहायचे. साताऱ्याकडचे, टपाल खात्यातून निवृत्त, सगळे त्यांना अण्णा म्हणायचे. मधुमेह जुना. इतका, की पायांना चटका लागलेला कळायचा नाही. मुलगा सुमेध आणि सून क्षितिजा दोघंही नोकरीला. एका शुक्रवारी तिघंही लग्नाला गेली असताना त्यांच्या मीटरची चकती पळाली. धर्माने मूठ काढली. त्याच दुपारी गावात त्याचा चुलता वारला, तो तसाच जूचंद्रला गेला. तीन दिवस ३०२ चा फ्रिज बंद. अण्णांची इन्सुलिनची बाटली आत होती.

ते औषध खरंच बिघडलं की नाही, कोण सांगणार. अण्णांनी ते फेकलं आणि पुढच्या रविवारी इमारतीच्या सभेत काठी आपटून उभे राहिले.

"हा माणूस आमच्या घरात काय चालतं ते मीटरवरनं बघतो! उद्या म्हणेल, कदमांनी दोन वेळा चहा केला!"

"चहा ग्यासवर होतो अण्णा," धर्मा म्हणाला. "मीटरला दिसत नाय."

लोक हसले. अण्णा आणखी तापले. सेक्रेटरी हर्षवर्धन देसाई पस्तिशीतला, बँकेत नोकरीला. त्याने सौम्यपणे सांगितलं, "काका, तुमचा हेतू चांगला आहे. पण यापुढे बोलावल्याशिवाय फ्यूजला हात लावायचा नाही. मीटरच्या खोलीची चावी आमच्या घरी राहील."

धर्माने कनवटीची चावी काढली आणि टेबलावर ठेवली. "नाय लावनार," एवढंच म्हणाला. भोईरांच्या घराण्यात एकदा म्हटलेलं माघारी घ्यायची रीत नाही.

पण डोळ्यांना कोण ठराव करणार? पुढचे आठ दिवस नऊच्या सुमाराला त्याच्या हातातला पाना थांबायचा. तो टपरीतून उठून जाळीशी जाऊन उभा राहायचा, दोन्ही हात पाठीमागे. वीज यायची. सोळा चकत्या हलायच्या. तो त्यांच्याकडे बघत राहायचा, फुटलेल्या बांधावर हात बांधून उभ्या असलेल्या माणसासारखा. एकदा १०४ ची चकती पळाली आणि पाव तासाने आपोआप थांबली. त्या पाव तासात धर्माचा सदरा घामाने भिजला. संध्याकाळी कळलं, रॉड स्टीलच्या बादलीत लटकला होता, आतली तार जळून तुटली, म्हणून थांबला. घरी बायको धोंडूबाई त्याला म्हणाली, "जेवत का नाय? कोनाचं घर जलत नाय."

"अजून," तो म्हणाला.

नवव्या दिवशी थंडी फार होती. आमच्याकडची थंडी ती काय, घाटावरचा माणूस हसेल. पण खाडीवरून ओला वारा सुटला की हाडं धरते. फाटकाजवळच्या शेवग्याखाली आल्बिना शाल गुंडाळून बसली होती. साडेसातला सुमेध आणि क्षितिजा नेहमीप्रमाणे धावत खाली उतरले. क्षितिजाचे केस ओले होते. ती जाता जाता म्हणाली, "काका, अण्णांना जरा बरं नाही हं. रात्रभर खोकत होते. आत्ता गोळी घेऊन झोपलेत."

"झोपू दे," धर्मा म्हणाला.

नऊला दोन मिनिटं असताना तो जाळीशी गेला. वीज आली. वरच्या कुठल्याशा घरात रेडिओ बोलायला लागला, पंप घुरघुरला. धर्माचे डोळे सोळा काचांवरून फिरले आणि ३०२ वर थांबले.

चकती पळत होती.

घाबरायचं काय, तो स्वतःलाच म्हणाला. अण्णा घरात आहेत, उठले असतील, आंघोळीचं पाणी ठेवलं असेल. मग त्याच्या ध्यानात आलं. वीज आली त्याच क्षणाला चकती पळाली होती. आधी हलली, मग पळाली, असं नाही. जागा माणूस वीज आल्याचं बघतो, पांघरूण काढतो, काठी शोधतो, न्हाणीपर्यंत चालत जातो, मग बटण दाबतो. अण्णांना एवढ्याला तीन मिनिटं लागतील. ही चकती एका पळाचीही वाट न बघता धावली. म्हणजे बटण आधीचंच चालू होतं. आणि अण्णा गोळी घेऊन झोपले होते.

"अण्णा!" धर्मा अंगणात येऊन ओरडला. "ओ अण्णा! कदम!"

तिसऱ्या मजल्याची खिडकी थंडीमुळे बंद होती.

"काय झालं रं?" आल्बिना उठली.

"तू हाका मारत ऱ्हा. थांबू नको."

सांडोरच्या बाईचा आवाज तो! बाजारात या टोकापासून त्या टोकाला पोचणारा. ती हाका मारत राहिली आणि धर्मा जिना चढला. वरती धावावं की चावी आणावी? पहिल्या मजल्यावर त्याचा पाय अडला. वर जाऊन दार बडवून उपयोग काय? बंद दाराबाहेर तो किती वेळ उभा राहणार, आणि आत रॉड तापतच राहणार. आधी वीज तुटली पाहिजे. त्याने तिथल्याच देसायांची बेल दाबली, दाबूनच धरली.

हर्षवर्धनची बायको अश्लेषा पीठ लागलेल्या हाताने आली. "काका, काय हे?"

"मीटरची चावी दे पोरी. तीनशे दोनमधी रॉड चालू ऱ्हायलाय."

ती घुटमळली. "काका, पण हे म्हणाले होते, तुम्हाला द्यायची नाही म्हणून. मी फोन करून विचारते हं त्यांना..."

"मला नको देऊस. तू चल. तुज्या हातानं काढ."

"मी? फ्यूज? मला नाही येत, मला भीती वाटते!"

"मला पन वाटते. म्हनून तर मी जिवंत हाय. चल! आनि क्षितिजाच्या घराची चावी पन घे, तुमच्याकडं असते ना ती."

धर्माच्या चेहऱ्यावर तिने काय पाहिलं कोण जाणे. पुढच्या क्षणी ती दोन्ही चाव्या घेऊन अनवाणी जिना उतरत होती.

"चपला घाल!" तो मागून ओरडला. "हात पूस. कोरडा कर हात!"

तिने जिन्यातल्या कोणाच्या तरी रबरी सपाता पायात अडकवल्या, हात पदराला पुसले. कुलूप उघडायला तिला दोनदा प्रयत्न करावा लागला. बाहेरून आल्बिनाच्या हाका येत होत्या आणि वरून उत्तर नव्हतं. धर्मा जाळीच्या उंबऱ्याबाहेर उभा राहिला, हात पाठीमागे बांधून. त्याला स्वतःचे तळहात एकमेकांत आवळून धरावे लागत होते.

"दुसरी ओळ. डावीकडून तिसरा. नंबर वाच मोठ्यानं."

"तीन... तीनशे दोन."

"पांढरी मूठ दिसते? चिनीमातीची. फक्त तिला धर. मागं पितळ दिसल, तिकडं बोट जाऊ देऊ नको. दुसरा हात भिंतीला लावू नको. आता सरळ आपल्याकडं वढ. हलवू नको, वढ."

"निघत नाहीये काका!"

"निघल. दात काढायचा तसा. एका दमात."

खट्ट झालं, बारीकशी निळी ठिणगी उडाली, अश्लेषा किंचाळून मागे सरली. मूठ तिच्या हातात होती. काचेआडची चकती आणखी थोडी घरंगळली आणि थांबली.

"शाबास," धर्मा म्हणाला, आणि जिन्याकडे पळाला. पळता पळता त्याने हाक दिली, "आल्बिना, बंबवाल्यांना फोन लावायला सांग समोरच्या वान्याला!"

तिसऱ्या मजल्यावर पोचण्याआधीच वास आला. जळक्या प्लॅस्टिकचा, घशात टोचणारा. ३०२ च्या दाराखालून राखाडी धूर बाहेर येत होता, सापासारखा जमिनीला धरून. अश्लेषाने चावी लावली. दार उघडताच धुराचा लोट अंगावर आला.

"तू भायेर थांब. शेजारची दारं वाजव, सगल्यांना खाली काढ."

त्याने गळ्यातला पंचा दाराजवळच्या माठात बुडवला, नाकातोंडाला गुंडाळला आणि गुडघ्यांवर बसला. धूर वर चढतो, खाली हात-दीड हात हवा उरते. तेवढ्या हवेतून तो रांगत आत गेला. डावीकडे न्हाणी होती. न्हाणीचं दार प्लॅस्टिकचं, ते वरून खाली वितळून लोंबत होतं आणि त्याच्या कडेला पिवळी ज्वाळा सरपटत होती. आत टॉवेल लावायच्या दांडीला रॉड अडकवलेला. दांडीवर टॉवेल नव्हता, टॉवेलाची राख होती. राखेत रॉड अजून तांबडा होता, जाता जाता मागे बघणाऱ्या डोळ्यासारखा.

धर्मा आधी आगीकडे गेला नाही. आतल्या खोलीकडे गेला.

अण्णा पलंगावर कुशीवर होते. दोन गोधड्या अंगावर. तोंड उघडं. धर्माने हाक मारली, गाल थोपटला. काही नाही. त्याने काळजावर कान ठेवला, पण स्वतःच्याच काळजाची धडधड ऐकू येत होती. मग त्याने गोधडीसकट त्यांना पलंगावरून खाली ओढलं आणि गोधडीचं टोक धरून मागे मागे सरकत निघाला, आगरावर मिठाची गोण ओढतात तसा. साठीचा माणूस, आणि अण्णांचं अंग भारी. मधेच पंचा सुटला. एक श्वास धुराचा गेला आणि डोळ्यांपुढे काळं आलं. तेवढ्यात दाराकडून कोणीतरी गोधडीचं दुसरं टोक पकडलं. ती अश्लेषा होती. तिला बाहेर थांब म्हणून सांगितलं होतं, ती थांबली नव्हती.

जिन्याच्या कोपऱ्यावर, खिडकीखाली, अण्णांना ठेवलं. एक क्षण गेला. दुसरा गेला. आल्बिना धापा टाकत वर पोचली होती, तिने छातीवर क्रूस केला. मग अण्णांचा घसा खरखरला, आणि असा खोकला सुटला की सगळा जिना हलला.

"मेलो... नाही ना?" त्यांनी विचारलं.

"एवढ्यात नाय," धर्मा म्हणाला, आणि भिंतीला टेकून खाली बसला.

मग शेजाऱ्यांनी पिंपातलं पाणी बादल्यांनी मारलं. "बिनधास्त मारा," धर्मा बसल्या जागेवरून सांगत होता, "करंट तोडलाय." वीज चालू असती तर पाणी मारणाराच आधी पडला असता. बंब आला तोवर न्हाणीच्या काळ्या भिंती तेवढ्या वाफाळत होत्या.

अण्णा तीन दिवस दवाखान्यात होते. छातीत धूर गेला होता, बाकी धोका टळला. चौथ्या दिवशी घरी आले. धर्मा जळलेली वायर बदलायला ३०२ मध्ये गेला, तेव्हा तिघंही घरात होती. क्षितिजाचे डोळे सुजलेले. सुमेध खिडकीकडे तोंड करून उभा.

शेवटी तीच बोलली. "काका, तुम्ही सांगा. मी बटण बंद केलं होतं. मला आठवतंय. रॉड काढून दांडीला अडकवला, बाहेर आले, अंधारात हात लावून बटण दाबलं. मुद्दाम. हे म्हणतात मी विसरले."

सुमेध वळला. "मी म्हणत नाही विसरलीस. मी एवढंच म्हणतो, की मी स्वतः बंद केलं होतं. लाइट गेल्याबरोबर. तू आंघोळीला जायच्या आधी."

धर्माच्या हातातली पकड थांबली. तो पॅसेजमधल्या काळवंडलेल्या बोर्डाकडे बघत राहिला. अण्णा पलंगावरून काठी घेऊन हळूहळू बाहेर आले होते.

"दोघंबी खरं बोलताय," धर्मा म्हणाला.

"म्हणजे?"

"पयल्यांदा यानं दाबलं, बंद झालं. मग अंधारात तू दाबलंस. बंद असलेलं दाबलं, तर काय होनार? लाइट नाय, कलनार कसं?"

क्षितिजा मटकन खाली बसली. निष्काळजीपणा असता तर तिला स्वतःवर रागावता आलं असतं. इथे दोन माणसांनी दोनदा काळजी घेतली होती.

"बटनावर भरोसा ठेवू नको पोरी," धर्मा हळू म्हणाला. "पिनच काढून ठेवायची. पिन सॉकेटाच्या भायेर दिसली, की दिसली. अंधारात हाताला पन लागते. आनि रॉड पान्यातून काढला, की दांडीला नाय, जमिनीवर. कोरड्या लादीवर."

अण्णा खोकले. धर्माला वाटलं, आता काही तरी बोलतील, सभेतल्यासारखं. ते बोलले, पण सुनेला. "उठ. चहा टाक. धर्माला दे आधी."

त्यांनी धर्माची माफी मागितली नाही. धर्मानेही वाट पाहिली नाही. हर्षवर्धनने मीटरच्या खोलीची चावी परत देऊ केली, तर धर्मा म्हणाला, "अश्लेषाकडंच ऱ्हाऊ दे. तिला येतं आता."

पण त्या घरातली भीती गेली नाही. दुसऱ्या सोमवारी साडेसातला सुमेध पुढे निघून गेला आणि क्षितिजा जिना उतरून खाली आली. फाटकापर्यंत गेली, थांबली, परत वर गेली. खाली आली. आल्बिनाच्या पाटीपाशी पोचून पुन्हा थबकली.

"बाय, गाडी जाईल तुजी," आल्बिना म्हणाली.

"पिन काढलीय. मी काढलीय. हातात घेऊन बघितलीय," क्षितिजा स्वतःशीच पुटपुटली, आणि तिसऱ्यांदा वळली.

आल्बिना हसणार होती. धर्माने तिच्याकडे पाहिलं, तशी तिने पदराने तोंड पुसलं. तो टपरीतून उठला आणि जिन्याच्या तळाशी जाऊन उभा राहिला. त्याने तिला अडवलं नाही, समजावलंही नाही. वर तिच्या चपलांचा आवाज एकेक मजला चढत गेला. कुलूप उघडल्याचा आवाज आला. मग बराच वेळ काही नाही.

मग तिसऱ्या मजल्यावरची खिडकी उघडली. अण्णांनी मफलर बांधलेलं डोकं बाहेर काढलं.

"धर्मा, तिला सांग रे जायला," ते घोगऱ्या आवाजात ओरडले. "पिन माझ्या उशीखाली आहे, अख्ख्या रॉडासकट!"